काचेचा खालचा पट्टा

माझा आवाज शिलाई मशीनच्याही वर चढतो, असं आमच्या गल्लीत म्हणतात. म्हणू देत. दिवसभर खडखडाटात बसायचं तर आवाज चढणारच, कुजबुजायला मी काय वाचनालयात बसते? पण याच आवाजावरून मला भाऊची आणि त्याच्या आईची हकीकत सांगायची आहे. अजून कुणाला सांगितली नाही. सांगायला बसले की पहिल्याच वाक्याला अडते आणि मग लोकांना वाटतं, चला, हिचं तोंड एकदाचं बंद झालं.

आमचं दुकान म्हणजे एकच खोली. दाराशी उजेडात माझं मशीन, कापडाची गाठोडी, फॉलपिकोला आलेल्या साड्या. आतल्या अंगाला काउंटर आणि काउंटरमागे भाऊचं टेबल. तो मोबाइल दुरुस्त करतो. डोळ्याला भिंग अडकवून बसतो म्हणून सगळे त्याला भिंगवाला म्हणतात. मी भाऊ म्हणते, तो मला ताई. रक्ताचं काही नाही, पण इतकी वर्षं एका छताखाली भांडल्यावर नातं आपोआप होतं. भांडण रोजचं. माझ्या कापडाचे धागे त्याच्या टेबलावर उडतात आणि त्याच्या डिंकाचा वास माझ्या डोक्यात जातो.

माणूस टापटिपीचा, इतका की वैताग यावा. फोनचे स्क्रू काढले की ते ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने पट्टीवर मांडणार. स्क्रीन बदलली की आधी ती नुसती जोडून बघणार, चिकटवणार नाही. मग एका बोटाने काचेवर वरपासून खालपर्यंत फिरणार, एक ओळ झाली की खालची ओळ, मी कापडावर इस्त्री फिरवते तसं. बोट जाईल तिथे काचेवर रेघ उमटायला हवी. रेघ कुठे तुटली तर तिथे काच मुकी आहे, आणि आपण बोट लावलं नसताना रेघ उमटली तर काचेला भास होतोय. दोन्ही वाईट. हे सगळं ठीक निघालं की मग चिकटवायचं, रबरं लावून दाबून ठेवायचं, आणि वाळल्यावर पुन्हा सगळ्या काचेवर बोट फिरवायचं. हा दुसऱ्यांदा बोट फिरवायचा नियम त्याचा स्वतःचा. बाकीचे कुणी एवढा उपद्व्याप करत नाहीत.

एकदा एक गृहस्थ तणतणत आला. कुठूनतरी स्वस्तात स्क्रीन बदलून घेतली होती आणि फोन आपोआप कुणालाही लागत होता. नेमका लागायचा त्याच्या सासूबाईंना. त्या बिचाऱ्या खूश, जावई दिवसातून चार वेळा आठवण काढतो म्हणून. मी हसून हसून सुई मोडली. तो म्हणत होता, स्क्रीन बदलू नका, नुसती कॅलिब्रेट करून द्या, मी त्याचं ॲपही टाकलंय. भाऊने शांतपणे समजावलं की असल्या ॲपने काही होत नाही. काच आपलं आपण जुळवून घेते, फोन चालू होताना. पण काचेला फोनशी जोडणारी आतली पट्टी चिमटली असेल, नाहीतर काच हलक्या प्रतीची असेल, तर तिला हजार वेळा जुळवा, ती तशीच राहणार. गृहस्थ पुटपुटत गेला आणि संध्याकाळी निमूटपणे परत आला.

भाऊने लग्न केलं नाही. घरात तो आणि आई. त्याच्या आईला मी मावशी म्हणायचे. मावशी म्हणजे खमकी बाई. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. मी शिवलेला ब्लाउज त्यांनी कधी एका फटक्यात पसंत केला नाही, आणि माझ्याइतकंच त्यांचंही तोंड चालायचं. म्हणूनच आमचं जमायचं. एके सकाळी भांडी घासता घासता त्या खाली बसल्या त्या बसल्याच. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. बाकी सगळं कळत होतं, म्हणजे आपण काय बोलतो ते त्यांना समजायचं. पण तोंडातून शब्द निघायचा नाही, आणि मान हलवली तरी ती हो की नाही याचा भरवसा नव्हता. हो म्हणायचं असलं तरी मान नकारात जायची. खुणाही जमेनात. हात एकीकडे न्यायचा असायचा आणि तो भलतीकडेच जायचा. आजारच तसा असतो, असं दवाखान्यातल्या वाचा शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं.

त्याच बाईंनी फोनमधला तक्ता सुचवला. काचेवर सहा मोठी चित्रं. बोट ठेवलं की फोन बोलतो. भाऊने एक मोठा फोन घेतला आणि त्यात दुसरं काही उघडणारच नाही असं करून ठेवलं. वरच्या ओळीत ‘मी बरी आहे’ आणि ‘पाणी दे’. मधे ‘भूक लागली’ आणि ‘बाथरूमला जायचंय’. सगळ्यात खाली ‘दुखतंय’ आणि ‘इकडे ये’. खाली मुद्दाम ठेवली होती ती. मावशींचा डावा हात फोनच्या खालच्या कडेवर टेकलेला असायचा, तेव्हा सगळ्यात निकडीचं ते बोटाखालीच असावं, असा त्याचा विचार. विचार चांगलाच होता, आजही मी चांगलाच म्हणेन.

आवाज कुणाचा घालायचा, हा प्रश्न आला. फोनमधली बाई कोरडी बोलते. भाऊ म्हणाला, ताई, तुम्ही बोला, आईला तुमच्या आवाजाची सवय आहे. मग काय, शटर अर्धं ओढून आम्ही रेकॉर्डिंगला बसलो. पहिल्यांदा मी ‘पाणी दे’ असं ओरडले की बाहेरचा रिक्षावाला आत डोकावला. ‘इकडे ये’ तर असं म्हटलं की कुणी जवळ यायच्या ऐवजी पळूनच जावं. मावशी खुर्चीत बसून बघत होत्या. आणि त्या हसल्या. वाकड्या तोंडाने, आवाज न करता, पण हसल्या. आजारानंतर पहिल्यांदा. शेवटी ‘मी बरी आहे’ मी इतकं गोड म्हटलं की माझं मलाच पटेना.

तेव्हापासून मावशी रोज दुकानात यायला लागल्या. भाऊ त्यांना चाकांच्या खुर्चीतून आणायचा, काउंटर आणि भिंत यांच्यामधे बसवायचा आणि मांडीवरच्या पाटावर फोन ठेवायचा. वाचाबाईंनी एक गोष्ट बजावली होती, की त्यांच्या वतीने तुम्ही अंदाज बांधू नका. विचारा, थांबा, आणि त्या तक्त्यावर जे सांगतील ते खरं माना. नाहीतर त्यांना सांगायची सवयच राहणार नाही. भाऊने ते गाठ मारून ठेवलं. मावशींचा चेहरा बघून मी काही बोलायला गेले की म्हणायचा, थांबा ताई, तिला सांगू दे. आणि मावशी सांगायच्या. चक्क माझ्या आवाजात मलाच बोलवायच्या आणि मी शिवलेल्या ब्लाउजकडे बघून तोंड वाकडं करायच्या. ते दिवस बरे होते हो. खरंच बरे होते.

मग फोन पडला. खुर्ची वळवताना पाटावरून घसरला आणि खालच्या कोपऱ्यावर आपटला. काच फुटली, कोपरा दबला. भाऊकडे त्या मोठ्या फोनची स्क्रीन एकच होती, डुप्लिकेट. ओरिजनल मागवली असती तर यायला दिवस लागले असते, आणि तोवर मावशी मुक्या. त्याने तीच लावायला घेतली. दबलेला कोपरा चिमट्याने सरळ केला, स्क्रीन जोडली, बोट फिरवलं. सगळीकडे रेघ अखंड. मी स्वतः पाहिलं. मग चिकटवून रबरं लावली.

मावशी समोरच बसल्या होत्या. त्यांची चुळबुळ चालली होती. डाव्या हाताने त्याचा शर्ट ओढत होत्या, परत परत. बोलणं काढून घेतलेलं माणूस दुसरं काय करणार? भाऊला ते बघवेना. पुरतं वाळायच्या आधीच त्याने रबरं काढली आणि फोन त्यांच्या मांडीवर दिला. त्यांनी लगेच पाणी मागितलं, त्याने दिलं, दोघंही समाधानात. ते दुसऱ्यांदा बोट फिरवायचं राहून गेलं. गिऱ्हाइकाच्या फोनला कधी राहिलं नव्हतं.

पुढचे काही दिवस मावशींची नुसती चिडचिड होती. पाणी मागायच्या आणि ग्लास पुढे केला की ढकलून द्यायच्या. बाथरूमला म्हणायच्या, भाऊ हातातलं काम टाकून घेऊन जायचा, आणि नुसत्याच परत यायच्या. जेवण टाकायला लागल्या. भाऊचा हात धरायच्या आणि सोडायच्या नाहीत. तोही भिंग न काढता दुसऱ्या हाताने त्यांचा हात थोपटायचा. मला वाटायचं, किती माया आहे बघा. त्यांच्या कपाळावर आठ्या दिसत होत्या, रंग उतरला होता. मी म्हटलं, अरे, मावशींचं काहीतरी बिनसलंय. भाऊने लगेच काम बाजूला ठेवलं, त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि विचारलं, आई, कुठे दुखतंय का? आणि वाचाबाईंनी शिकवलं होतं तसा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत थांबला.

फोन बोलला, “मी बरी आहे.”

माझ्याच आवाजात, तसंच गोड. भाऊने माझ्याकडे बघितलं, की झालं ना समाधान? मी परत मशीनवर बसले. तो परत भिंग लावून बसला. दिवसभरात फोन अधूनमधून तेच म्हणायचा. आपण न विचारताच, ‘मी बरी आहे’. भाऊला त्याचं कौतुक वाटायचं. आई आपणहून सांगते, म्हणायचा, पूर्वी कधी सांगायची नाही.

खरं काय ते कळलं एका दुपारी. गिऱ्हाईक नव्हतं, भाऊ आतल्या मोरीत हात धूत होता. मावशींचा डोळा लागला होता. मान एका बाजूला, डावा हात खुर्चीबाहेर लोंबत होता, बोटं जमिनीकडे. मी सुईत दोरा ओवत होते. आणि फोन बोलला, ‘मी बरी आहे’.

मी बघतच राहिले. फोनजवळ कुणाचं बोट नव्हतं. जरा वेळाने परत तेच. सांगते तुम्हाला, सुईदोरा टाकून मी उठले. आपला आवाज आपल्यासमोर, आपण गप्प असताना, असं धडधडीत खोटं बोलतो हे ज्याने ऐकलं नाही त्याला ते कळायचं नाही. मी भाऊला हाक मारली. कशी मारली आठवत नाही, पण तो ओल्या हातानेच धावत आला.

त्याला एका शब्दात कळलं. त्याने फोन उचलला, तक्ता बंद केला आणि त्याची ती रेघांची परीक्षा लावली. चार्जर जोडलेलाच होता. तक्ता दिवसभर उघडा ठेवायचा म्हणजे बॅटरी पुरायची नाही, म्हणून चार्जर कायम लावलेला असायचा, घरीसुद्धा उशाशी. काचेवर वरच्या डाव्या बाजूला आपोआप रेघा उमटत होत्या, तुटक तुटक, एकाच पट्ट्यात. त्याने चार्जर काढला. रेघा थांबल्या. लावला, परत सुरू. वीज खराब येत होती आणि हलकी काच तिलाच बोट समजत होती. तो पट्टा बरोबर ‘मी बरी आहे’ वरून जात होता.

मग त्याने चार्जर काढून बोट वरून खाली फिरवलं. रेघ आली, आली, आणि खालच्या पट्ट्यापाशी तुटली. कोपऱ्यावर अंगठ्याने दाब दिला तर उमटायची, अंगठा काढला की गायब. चिमट्याने सरळ केलेला कोपरा पुरता सपाट झाला नव्हता, आणि चिकटवल्यावर आतली पट्टी त्याच्यावर दाबली गेली होती. खालची सगळी ओळ मुकी होती.

भाऊने काय केलं सांगू? तो आतल्या मेन्यूत गेला आणि कॅलिब्रेशन लावलं. परत लावलं. परत. ज्याने त्या गृहस्थाला याचा उपयोग नाही म्हणून समजावलं होतं, तोच. मग त्याने काच तिरपी करून उजेडात धरली. वरचं सगळं स्वच्छ, कारण रोज संध्याकाळी तो स्क्रीन बंद करून मऊ फडक्याने पुसायचा. फक्त खाली डाव्या कोपऱ्यात, ‘दुखतंय’च्या जागी, बोटाचे ठसे. ठशांवर ठसे, इतके की तेवढी काच धुरकट झाली होती. एका सकाळचे ठसे होते ते. आधीच्या दिवसांचे त्याने स्वतःच्या हाताने पुसून टाकले होते.

तो मावशींसमोर बसला आणि त्यांच्या पोटावर, छातीवर, पायांवर हात दाबून बघत सुटला. बरगडीखाली उजवीकडे हात गेला तशा त्या कळवळून जाग्या झाल्या. गेलेली बाजू ती, पण आत दुखायचं ते दुखतच होतं. घशातून असा आवाज निघाला की मी तोंडावर हात धरला.

पित्ताशय सुजून आत पू झाला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस दुखतंय, त्यांनी सांगितलं नाही का? भाऊ म्हणाला, सांगत होती. बाकीचं मी सांगितलं. ऑपरेशन झालं. मावशी वाचल्या. त्या दिवशी मी रडले, हसले, नर्सबाईंशी भांडलेसुद्धा. मला वाटलं, संपलं, सुटलो आपण.

भाऊने ओरिजनल स्क्रीन आणवली. फोनची चौकट सपाट फरशीवर ठेवून बारकाईने सरळ केली. चिकटवण्याआधी बोट फिरवलं, पुरतं वाळल्यावर फिरवलं, चार्जर लावून आणि काढून फिरवलं, चांगला नवा चार्जर घेतला. मलाही फिरवायला लावलं. कुठे रेघ तुटली नाही, कुठे आपोआप उमटली नाही. मग तो फोन घेऊन आम्ही दोघं दवाखान्यात गेलो.

मावशी उशांना टेकून बसल्या होत्या. भाऊने पाट मांडला, त्यावर फोन ठेवला आणि म्हणाला, “आई, आता नीट केलाय. माझी चूक झाली. आता दाबून बघ.”

मावशींनी फोनकडे बघितलं. मग त्याच्याकडे. राग नव्हता हो चेहऱ्यावर, राग असता तर बरं झालं असतं. त्यांनी डावा हात पाटावरून उचलला आणि पांघरुणाखाली घेतला. भाऊला वाटलं, कळलं नसेल. म्हणून त्यानेच ‘दुखतंय’वर बोट ठेवलं. फोन लगेच बोलला, माझ्या आवाजात, खणखणीत. मावशींनी डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्यानंतर त्यांनी तक्त्याला बोट लावलं नाही. घरी आल्यावरही नाही, दुकानात आल्यावरही नाही. भाऊने नवाकोरा फोन आणला, मी पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवून दिली, वाचाबाईंनी येऊन येऊन समजावलं. वेळ द्या, म्हणाल्या. आम्ही वेळ दिला. आम्हाला कळत होतं काय झालंय ते. दिवसच्या दिवस ती बाई ‘दुखतंय’ म्हणून सांगत होती, लेक हातभर अंतरावर बसलेला, आणि कुणी मान वर केली नव्हती. ‘इकडे ये’ म्हणून सांगितलं, कुणी आलं नाही. वर फोन तिच्याच नावाने जगाला सांगत होता की ती बरी आहे. पाणी मागून, बाथरूमला म्हणून, तिने हाका मारायचे सगळे मार्ग करून पाहिले होते. तिने सांगणंच सोडून दिलं, आणि ते परत सुरू करायला लावण्याचं अवजार भाऊच्या टेबलावर नव्हतं.

भाऊ मग अंदाजाने करायला लागला. सारखा भिंग काढून त्यांच्याकडे बघायचा. पाणी हवं का, वारा हवा का, पाय अवघडला का. कुशीवर वळवायचा, बरगडीखाली हलकेच दाबून बघायचा. गिऱ्हाइकं ताटकळायची, काही दुसरीकडे गेली. मी त्याला म्हटलं, अरे, तेव्हा बोट फिरवलं असतंस तरी कदाचित रेघ अखंडच आली असती, पट्टी मागाहून दबली असेल. तो म्हणाला, असेल. पण त्याला ते पटलं नव्हतं, आणि खरं सांगते, मलाही नव्हतं.

मावशी पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. दुकानातच, खुर्चीत, दुपारची. मी बाही जोडत होते, तो कुणाचा तरी फोन उघडून बसला होता. मान वर करून बघितलं तर त्या गेलेल्या होत्या. फोन मांडीवर, चालू, सगळी चित्रं लख्ख. काचेवर एकही ठसा नव्हता.

सगळं उरकल्यावर बऱ्याच दिवसांनी भाऊने दुकान उघडलं. त्या मोठ्या फोनमधला माझा आवाज त्याने पुसला नाही, आणि मीही त्याला पुसायला सांगितलं नाही. काउंटरवर हात ठेवून तो नुसता उभा राहिला. मग त्याने विचारलं, “ताई, शेवटी तिला दुखलं असेल का हो?”

मी मशीनवरून पाय काढला. नाही रे, शांत गेल्या त्या, एवढंच म्हणायचं होतं. कुणीही म्हणालं असतं. पण मावशी बऱ्या आहेत हे या आवाजात त्याने आधीच खूपदा ऐकलं होतं. म्हणून मी तोंड उघडलं नाही, आणि तो उत्तराची वाट बघत तिथेच उभा राहिला.